हाफ, फुल आणि दह्याचे ग्रॅम

डेअरीच्या काउंटरमागे टांगलेल्या फळ्यावर लस्सीचे तीन भाव असतात: हाफ, फुल आणि स्पेशल. गिऱ्हाईक ‘एक फुल’ म्हणतं, पुढच्या मिनिटाला फेस आलेला ग्लास समोर येतो, आणि व्यवहार संपतो. अडचण सुरू होते ती व्यायामशाळेत जाणाऱ्या एखाद्याने मोबाइलवरच्या आहाराच्या अ‍ॅपमध्ये ‘गोड लस्सी, १ ग्लास’ असं लिहिल्यावर. यादीतल्या एका नोंदीत दीडशे कॅलरी असतात, तिच्या खालच्या नोंदीत तीनशेच्या वर. दोन्ही नोंदी खऱ्या असू शकतात. ग्लास हे माप नाही, हीच मेख आहे.

मॅक्रो म्हणजे अन्नातले तीन मोठे घटक: प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि कर्बोदकं. प्रथिनं आणि कर्बोदकं यांच्या एका ग्रॅमला सुमारे चार कॅलरी, स्निग्धाच्या एका ग्रॅमला नऊ. गोड लस्सीत हे तिन्ही घटक दोनच जिनसांमधून येतात, दही आणि साखर. पाणी, बर्फ आणि फेस ग्लास भरतात, हिशेबात काही घालत नाहीत. वेलदोड्याची पूड आणि केशराच्या दोन काड्या खुशाल विसराव्यात. त्यामुळे लस्सीचा हिशेब खरं तर वरणभातापेक्षाही सोपा असायला हवा. तो फसतो तो आकड्यांमुळे नाही, मापांमुळे.

म्हणून आधी ग्लासच बघावा. घरातला स्टीलचा ग्लास वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि ग्लास पाण्याने भरायचा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. एकाच फडताळात शेजारी बसलेल्या ग्लासांमध्ये कुणी दोनशेचा निघतो, कुणी तीनशेचा, आणि पाहुण्यांसाठी ठेवलेला उंच काचेचा साडेतीनशेच्याही पुढे जातो. काठोकाठ भरलेला आणि बोटभर कमी भरलेला यांतही चाळीस-पन्नास मिलिलिटरचा फरक सहज पडतो.

‘अर्धा ग्लास दही घ्या’ ही पाककृतीतली सूचना तर आणखी फसवी. आपले बहुतेक ग्लास खाली निमुळते आणि वर रुंद असतात. तळाशी पाच सेंटिमीटर, तोंडाशी सात सेंटिमीटर रुंद आणि बारा सेंटिमीटर उंच असा ग्लास घेतला, तर त्यात सुमारे ३४० मिलिलिटर मावतात. उंचीच्या बरोबर अर्ध्यापर्यंत दही घातलं तर ते १७० भरायला हवं असं वाटतं. प्रत्यक्षात ते १४३च्या आसपास भरतं. डोळ्यांना अर्धा दिसतो तो ग्लास मापाने जेमतेम बेचाळीस टक्के असतो. दह्याचं एक बरं आहे, ते पाण्यापेक्षा किंचितच जड असल्याने शंभर मिलिलिटर म्हणजे शंभर ग्रॅम धरलं तरी फारसं बिघडत नाही. मात्र दही मोडून, सपाट करून मोजायला हवं. कवडीदार दह्याचे तुकडे वाटीत टाकले की मधे पोकळी राहते आणि माप खोटं बोलतं.

आता दही. पिशवीतल्या दुधाचे प्रकार कायद्याने ठरलेले आहेत: टोन्ड दुधात किमान ३ टक्के स्निग्ध, डबल टोन्डमध्ये १.५ आणि फुल क्रीममध्ये ६. दही लावलं म्हणजे ही स्निग्धता कुठे जात नाही. टोन्ड दुधाच्या शंभर ग्रॅम दह्यात साधारण ३.३ ग्रॅम प्रथिनं, ३ ग्रॅम स्निग्ध आणि पावणेपाच ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं मिळतात. कॅलरी सुमारे साठ. फुल क्रीमच्या किंवा म्हशीच्या दुधाच्या तितक्याच दह्यात प्रथिनं ३.६ ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे थोडीच वाढलेली, पण स्निग्ध दुप्पट आणि कॅलरी अठ्ठ्याऐंशीच्या घरात. दाट, मलईदार दही म्हणजे जास्त प्रथिनं, हा समज इथे कोसळतो. दाटपणा बराचसा स्निग्धाचा असतो.

कर्बोदकांबद्दल एक शंका नेहमी निघते. विरजणातले जंतू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन तिचं आम्ल करतात, मग आंबट दह्यात कर्बोदकं कमी नाहीत का? थोडी कमी असतात, साधारण पाव हिस्सा. पण त्या साखरेच्या जागी आलेल्या लॅक्टिक आम्लालाही जवळजवळ तितक्याच कॅलरी असतात, आणि पाकिटावरचे कर्बोदकांचे आकडे बहुतेकदा बाकीचे घटक वजा करून काढलेले असल्यामुळे हे आम्लही त्यातच धरलं जातं. आंबलेलं दही हलकं असेल तर ते पचनाच्या बाबतीत. कॅलरींच्या वहीत त्याला सूट नाही.

मराठी घरात मात्र एक गोष्ट हा हिशेब खरोखर बदलते, ती म्हणजे साय. दूध तापवायचं, गार करायचं, वरची जाड साय काढून तुपासाठी डब्यात साठवायची आणि उरलेल्या दुधाला विरजण लावायचं, असा ज्या घरांचा रोजचा शिरस्ता आहे, तिथे पिशवीवर सहा टक्के लिहिलेलं असलं तरी दह्यात तेवढे उरत नाहीत. प्रथिनं जवळपास तशीच राहतात, स्निग्ध डब्यात जातं. उलट सायीसकट विरजलेलं दही वरच्या थरात जड आणि तळाशी हलकं असतं. डावभर दही वरून घेतलं की तळातून, यावरही लस्सी बदलते. मापून करायचं तर आधी सगळं दही घोटून एकजीव करावं.

साखरेच्या मापाबद्दल दोनच शब्द. चहाच्या चमच्यात सपाट भरून चार-पाच ग्रॅम साखर बसते, शीग लावली की सात-आठ. पोह्यांचा चमचा शिगोशीग भरला तर पंधराच्या पुढे. त्यामुळे ‘दोन चमचे साखर’ म्हणजे आठ ग्रॅमही असू शकते आणि तीसही. पिठीसाखर हलकी असल्याने तिचा चमचा वजनात कमी भरतो, पण म्हणून ती कमी गोड लागली की हात पुन्हा डब्यात जातो. खडीसाखर, साधी साखर, पिठीसाखर यांच्यात वजनाला वजन लावून पाहिलं तर कॅलरींचा फरक पडत नाही. ग्रॅमला चार.

एवढं हातात आल्यावर एकाच मापाच्या ग्लासात दोन लस्सी करून पाहाव्यात. ग्लास तीनशे मिलिलिटरचा, दही टोन्ड दुधाचं.

पहिल्या लस्सीत दोनशे ग्रॅम दही, साठ मिलिलिटर गार पाणी आणि पंचवीस ग्रॅम साखर. विरघळलेली साखर स्वतःही जागा घेते, पंचवीस ग्रॅम म्हणजे जवळपास पंधरा मिलिलिटर. सगळं मिळून पावणेतीनशेच्या आत-बाहेर होतं आणि फेसाने ग्लास काठाला येतो. यात प्रथिनं ६.६ ग्रॅम, स्निग्ध ६ ग्रॅम, कर्बोदकं ३४ ग्रॅमच्या वर. कॅलरी सुमारे २१८, त्यातल्या शंभर साखरेच्या.

दुसऱ्या लस्सीत दही एकशेवीस ग्रॅम, पाणी आणि बर्फ मिळून दीडशे, साखर तीच पंचवीस ग्रॅम. ग्लास तितकाच भरतो, फेस तर जरा जास्तच येतो. पण प्रथिनं चार ग्रॅमवर, स्निग्ध साडेतीनच्या आसपास, कर्बोदकं तीस ग्रॅमच्या थोडी वर. कॅलरी १७१, आणि त्यातल्या शंभर पुन्हा साखरेच्याच.

दुसरी लस्सी कॅलरींनी हलकी आहे, त्यामुळे वरवर पाहता ती बरी वाटते. पण नीट पाहिलं तर जे कमी झालं ते दही. पहिल्या ग्लासात एक ग्रॅम प्रथिनामागे पावणेचार ग्रॅम साखर होती, दुसऱ्यात सहा ग्रॅमच्या वर गेली. साध्या दह्याच्या कॅलरींपैकी सुमारे बावीस टक्के प्रथिनांतून येतात. पहिल्या लस्सीत हा वाटा बारा टक्क्यांवर येतो आणि दुसऱ्या लस्सीत साडेनऊच्या खाली. पातळ लस्सी हे खरं तर दह्याच्या चवीचं सरबत आहे. उन्हातून आल्यावर ते वाईट नाही, फक्त त्याला ‘प्रथिनांचं पेय’ म्हणू नये.

आता प्रश्न असा की दही जवळपास निम्मं झालं तरी साखर का घटली नाही? इथेच लस्सीचं गुपित आहे. जिभेला साखरेचे एकूण ग्रॅम कळत नाहीत, तिला कळतो तो गोडवा किती दाट आहे एवढंच. तीनशे मिलिलिटर पेय ठरावीक गोड लागायला हवं असेल, तर त्यात दही किती आणि पाणी किती याने फारसा फरक पडत नाही. साखर तीनशे मिलिलिटरच्याच हिशेबाने घालावी लागते. लस्सीत साधारण आठ-नऊ टक्के साखर असली की ती ‘व्यवस्थित गोड’ वाटते. म्हणजे साखर ग्लासाच्या आकाराने वाढते, प्रथिनं दह्याच्या वजनाने. पाणी वाढवणारा प्रत्येक हात नकळत साखरही वाढवत असतो.

त्यात थंडपणाची भर. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. हे पाहायचं असेल तर लस्सी ढवळल्याबरोबर अर्धी वाटी बाजूला काढून ओट्यावर ठेवावी आणि तासाभराने चाखावी. ग्लासातून पिताना जी बेताची गोड होती, ती आता घशाला चिकटेल. दुकानदार बर्फाचा चुरा घालतो तेव्हा त्याला दोन गोष्टी सांभाळायच्या असतात, गारव्याने दबणारी गोडी आणि बर्फ वितळून पातळ होणारा शेवटचा घोट. दोन्हींवर एकच उपाय, साखरेचा आणखी एक चमचा.

तिसरं कारण आंबटपणा. मे महिन्यात सकाळी लावलेलं दही दुपारपर्यंत लागतं आणि संध्याकाळी फ्रिजबाहेर राहिलं तर आंबतं. आम्ल गोडीला झाकतं. ताज्या, गोडसर दह्याच्या दोनशे ग्रॅमांना सोळा-सतरा ग्रॅम साखर पुरते, तिथे आंबट दही पंचवीस-तीस मागतं. शिळं दही वाया जाऊ नये म्हणून केलेली लस्सी घरातली सगळ्यात साखरभरली लस्सी असते, हे काटकसरी गृहिणींना सांगणं जिवावर येतं, पण तसं आहे. आंबट दह्याची कढी करावी.

दुकानातल्या मोठ्या ग्लासाकडे वळलं की हिशेबात तिसरा घटक शिरतो. महाराष्ट्रात घराघरात ताक आहे, मठ्ठा आहे, श्रीखंड पातळ करून केलेलं पीयूष आहे. लस्सी मात्र आपल्याकडे उत्तरेतून आली आणि येताना तिकडचा थाट घेऊन आली. अमृतसरला दह्यात पेढा कुस्करून घुसळतात. जयपूरच्या मिर्झा इस्माईल रस्त्यावरचं प्रसिद्ध लस्सीचं दुकान १९४४ सालचं. तिथे लस्सी मातीच्या कुल्हडात मिळते आणि तिच्यावर सायीचा थर घालतात. आपल्याकडच्या फळ्यावर ‘स्पेशल’ लिहिलेलं असतं ते बहुतेक या थरासाठीच, आणि हल्ली त्यावर सुकामेवा किंवा आइस्क्रीमचा गोळा.

अशा पाचशे मिलिलिटरच्या ग्लासाची फोड करून पाहू. फुल क्रीम दुधाचं साडेतीनशे ग्रॅम दही, पंचेचाळीस ग्रॅम साखर, ऐंशी मिलिलिटर पाणी-बर्फ आणि वर तीस ग्रॅम मलई. नुसत्या दह्यातून सुमारे ३०८ कॅलरी, साखरेतून १८०. मलई किती दाट आहे त्यावर तिचा आकडा हलतो, पण तीस ग्रॅमांत नऊ-दहा ग्रॅम स्निग्ध धरलं तर आणखी नव्वद ते शंभर. एकूण ५८०च्या आसपास. प्रथिनं तेरा ग्रॅम, स्निग्ध तीसच्या थोडं वर, कर्बोदकं बासष्ट ग्रॅमच्या जवळपास.

तेरा ग्रॅम प्रथिनं हा आकडा कमी नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीत प्रौढ माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं दिवसाला सुचवली आहेत. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. म्हणजे पावभाग एका ग्लासात भागला. पण तेवढीच प्रथिनं दोन उकडलेल्या अंड्यांत साधारण दीडशे कॅलरींत मिळतात, किंवा साखर न घातलेल्या टोन्ड दुधाच्या चारशे ग्रॅम दह्यात अडीचशेच्या आत. उरलेल्या कॅलरी चवीच्या आहेत आणि त्या चवीसाठी घ्यायच्या तर जेवण म्हणून घ्याव्यात, जेवणावर नव्हे. पंजाबातल्या शेतावर सकाळी राबणारा माणूस मोठा ग्लास पितो तेव्हा ती त्याची न्याहारी असते. आपण तोच ग्लास दुपारच्या थाळीनंतर ‘पचायला बरं’ म्हणून पितो.

साखरेचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली आणि तत्सम मोकळी साखर रोजच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी, जमल्यास पाच टक्क्यांच्या. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला याचा अर्थ पन्नास ग्रॅम, जमल्यास पंचवीस. आपला तीनशे मिलिलिटरचा घरगुती ग्लास दुसऱ्या मर्यादेला टेकला, ‘स्पेशल’ पहिलीच्या उंबरठ्यावर जाऊन उभा राहिला. दिवसाचे तीन कप चहा अजून मोजायचे आहेत. दह्यातलं मूळचं लॅक्टोज मात्र या मर्यादेत धरायचं नसतं.

पाकीटबंद लस्सी घेणाऱ्याला हाच भेद पाकिटावर वाचता येतो. पोषणाच्या चौकटीत ‘एकूण साखर’ आणि ‘मिसळलेली साखर’ अशा दोन ओळी असतात. पहिलीत लॅक्टोजही आहे, दुसरीत फक्त वरून घातलेली. इथेही एक खाच आहे. चौकटीतले आकडे शंभर मिलिलिटरचे असतात आणि पाकीट दोनशेचं. दुपटीने मोजायला बरेच जण विसरतात. पाकिटावर दह्याचे ग्रॅम लिहिलेले नसले तरी ते प्रथिनांवरून ओळखता येतात. शंभर मिलिलिटर लस्सीत दोन ग्रॅम प्रथिनं असतील, तर त्यात सुमारे साठ ग्रॅम दही असणार, कारण एक ग्रॅम प्रथिनाला तीस ग्रॅम दही लागतं. दुधाची पावडर मिसळलेली असेल तर हा अंदाज चुकतो, म्हणून घटकांची यादीही बघावी.

तीसचा हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. टोन्ड दुधाच्या दह्याचे जितके ग्रॅम, त्यांना तीसने भागलं की प्रथिनं आली. कॅलरींसाठी दह्याचे ग्रॅम गुणिले ०.६, अधिक साखरेचे ग्रॅम गुणिले चार. दही फुल क्रीमचं असेल तर ०.६च्या जागी ०.९. वहीत लिहायला एक ओळ पुरते. आणि हा हिशेब दहा-पंधरा टक्क्यांनी इकडेतिकडे होणारच. गाईगुरांचा चारा बदलला की दूध बदलतं. १७१.४ कॅलरी असं दशांशात सांगणाऱ्या अ‍ॅपवर म्हणूनच फार विसंबू नये.

दुकानात वजनकाटा नसतो, तिथे अंदाजावर चालायचं. फेसाला भुलायचं नाही. तो दोन मिनिटांत बसतो आणि ग्लास खरा किती भरला होता ते दिसतं. ग्लास तसाच पाच-दहा मिनिटं ठेवला आणि वर-खाली पाण्याचा वेगळा थर दिसू लागला, तर दही कमी आणि पाणी जास्त. चमच्याने खाण्याजोगी, ग्लासाच्या कडेला जाड लेप सोडणारी लस्सी दह्याने भरलेली असते. पण कधी हा दाटपणा मिल्क पावडरीचा किंवा वितळलेल्या आइस्क्रीमचाही असतो, तेव्हा कर्बोदकं अंदाजापेक्षा वर जातात. खात्रीचा उपाय एकच आहे, समोर करताना बघणं. किती डाव दही भांड्यात पडलं आणि साखरेचा चमचा किती वेळा गेला, एवढंच मोजायचं. गर्दी नसेल तर डेअरीवाला स्वतःहूनही सांगतो.

घरी करणाऱ्याच्या हातात मात्र सगळ्या कळा आहेत. साखर घटवायची म्हटली की लोक आधी साखरेचा चमचाच कमी करतात, लस्सी फिकी लागते आणि दोन दिवसांनी नेम सुटतो. त्याऐवजी पाणी काढून टाकावं. दोनशे ग्रॅम ताजं दही फ्रिजमध्ये चांगलं गार करायचं, म्हणजे बर्फाची गरज उरत नाही, आणि त्यात पाणी न घालता सोळा ग्रॅम साखर घुसळायची. गोडी तितकीच लागते, कारण पेयाचं आकारमान दोनशेच्या थोडं वर आहे, पावणेतीनशे नाही. प्रथिनं ६.६ ग्रॅम, म्हणजे मोठ्या ग्लासाइतकीच. कर्बोदकं चौतीसवरून पंचवीसवर. कॅलरी २१८वरून १८२वर. गेलं ते फक्त साठ मिलिलिटर पाणी आणि नऊ ग्रॅम साखर. ग्लास लहान घ्यायचा, म्हणजे तो भरलेला दिसतो. मन तेवढ्याने फसतं.

आणखी पुढे जायचं तर दही तासभर मलमलच्या फडक्यात टांगावं. चक्का होईपर्यंत नव्हे, थोडं पाणी निथळेपर्यंतच. निथळणाऱ्या पाण्याबरोबर लॅक्टोज आणि आम्ल काही प्रमाणात निघून जातं, प्रथिनं बहुतांश फडक्यातच राहतात, आणि आम्ल घटल्याने साखरही कमी लागते. फार टांगलं तर मात्र ते श्रीखंडाच्या वाटेला लागतं. मग ते पातळ करायला दूध घालावं लागतं आणि सुरुवातीला टाळलेलं आकारमान परत येतं. उरलेलं निवळ पाणी कणकेत जिरवता येतं.

घुसळण्याचीही एक सीमा आहे. सायीचं दही मिक्सरमध्ये दोन-तीन मिनिटं सलग फिरवलं, त्यातही दही पुरेसं गार नसलं, तर लोणी सुटायला लागतं. पात्याला, झाकणाला आणि ग्लासाच्या काठाला पिवळसर कण चिकटतात, लस्सी तोंडात तेलकट आणि तरीही पातळ लागते. हिशेबातलं काही स्निग्ध मग भांडं घासताना वाहून जातं. रवीने पन्नास-साठ फेरे किंवा मिक्सर थांबत थांबत दोन-तीनदा, एवढं पुरतं.

आणि भांड्याला चिकटतं ते वेगळंच. दाट लस्सी ओतून झाल्यावर मिक्सरचं भांडं काट्यावर ठेवून पाहिलं तर पंधरा-वीस ग्रॅम लस्सी आतच राहिलेली सापडते. घरच्या आजीला हे काट्याशिवाय माहीत असतं. ती भांड्यात दोन घोट पाणी घालते, खळखळ हलवते, ते पाणी नातवाच्या ग्लासात ओतते. नातू एक घोट घेतो, पातळ झाली म्हणून कुरकुरतो, आणि आजी साखरेच्या डब्याचं झाकण उघडते.